सतत वीज जाणाऱ्या घरासाठी बॅटरी: ट्यूब्युलर, फ्लॅट प्लेट की एसएमएफ?

इन्व्हर्टरची माझी पहिली बॅटरी फ्लॅट प्लेटची होती आणि ती चौदा महिन्यांत बसली. तिची बुचं काढून, ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने ॲसिड ओढलं तर काचेच्या नळीत गढूळ, तपकिरी पाणी आलं. प्लेटवरचा माल सुटून त्यात मिसळला होता. बॅटरीत दोष नव्हता. रोज चार-साडेचार तास वीज जाणाऱ्या घरात मी ती बसवली होती आणि तिची बांधणी त्या कामासाठी नव्हतीच. तेव्हापासून बॅटरी निवडताना मी अँपिअर-अवर आणि वॉरंटीकडे शेवटी बघतो. ज्या क्रमाने बघतो तो खाली दिला आहे.

पायरी १: आतला फरक समजून घ्या

तिन्ही प्रकारांत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडच असतं. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवरच्या मालाचं लेड सल्फेट होतं आणि चार्ज होताना ते पुन्हा मूळ रूपात येतं. या प्रत्येक फेऱ्यात पॉझिटिव्ह प्लेटचा माल थोडा फुगतो आणि पुन्हा आकसतो. त्यामुळे बॅटरी बहुतेक वेळा या पॉझिटिव्ह प्लेटपासूनच मरायला लागते.

फ्लॅट प्लेटमध्ये हा माल शिशाच्या जाळीवर लेप दिल्यासारखा बसवलेला असतो. फुगून-आकसून तो सैल होतो, गळतो आणि तळाशी गाळ होऊन साचतो. ट्यूब्युलरमध्ये शिशाच्या उभ्या काड्या असतात आणि प्रत्येक काडीभोवती विणलेल्या कापडाची नळी असते. माल त्या नळीत कोंडलेला असल्यामुळे सहज गळत नाही. ‘ट्यूब्युलर’ हे नाव फक्त पॉझिटिव्ह प्लेटचं आहे. निगेटिव्ह प्लेट तिच्यातही सपाटच असते.

एसएमएफ, म्हणजे ‘सील्ड मेंटेनन्स-फ्री’, म्हणून इन्व्हर्टरला जी सीलबंद बॅटरी लावतात, तिच्यात बहुधा प्लेटा सपाटच असतात. ॲसिड मात्र मोकळं नसतं, काचतंतूंच्या बारीक चटईत शोषलेलं असतं. चार्जिंगमध्ये तयार होणारा ऑक्सिजन आतच जिरून त्याचं पुन्हा पाणी होतं, म्हणून वरून पाणी घालावं लागत नाही. पण कधी पाणी उडालंच तर घालायची सोयही नाही. ‘मेंटेनन्स-फ्री’ची ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही.

पायरी २: आठवडाभर वही ठेवा

वीज कधी गेली आणि कधी आली, एवढंच सात दिवस लिहून ठेवा. दिवसाला एकूण किती तास गेली, हा आकडा लोक तोंडपाठ सांगतात. दोन वेळांच्या मधे किती तास वीज टिकली हे मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही आणि निवड तर त्यावरच ठरते. बॅटरी उतरते तासाभरात, पण भरायला कित्येक तास लागतात.

पायरी ३: हिशेब मांडा

एक घर घेऊ. दोन पंखे प्रत्येकी ७० वॅट, सहा दिवे प्रत्येकी १० वॅट, टीव्ही ८० वॅट आणि राउटर १० वॅट. एकूण लोड २९० वॅट. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून ०.८५ ने भागा: ३४१ वॅट. १२ व्होल्टची बॅटरी असेल तर ३४१ भागिले १२, म्हणजे बॅटरीतून साधारण २८ अँपिअर ओढले जाणार.

वीज सकाळी १० ते १२ जाते आणि पुन्हा दुपारी ३ ते साडेपाच. पहिल्या खेपेला ५६ अँपिअर-अवर गेले. मधल्या तीन तासांत १५ अँपिअरच्या चार्जरने ४५ घातले, पण घातलेलं सगळं साठत नाही. हाती ३८ च्या आसपास लागले. म्हणजे दुसऱ्यांदा वीज गेली तेव्हा बॅटरी १८ ने कमीच होती आणि त्यात आणखी ७० गेले. साडेपाच वाजता ती एकूण ८८ अँपिअर-अवरने रिकामी झालेली असेल.

आता बॅटरीवर १५० अँपिअर-अवर लिहिलंय म्हणून ८८ कमी वाटतील. तसं नाही. तो आकडा बहुधा ‘सी-२०’ चा असतो, म्हणजे २० तास सावकाश, ७.५ अँपिअरने उतरवली तर १५० मिळतात. २८ अँपिअरने ओढलं की तीच बॅटरी ११५ ते १२० च देते. तेव्हा ही बॅटरी रोज पाऊण भाग रिकामी होतेय. लेबलवर ‘सी-१०’ लिहिलं असेल तर तोच १५० चा आकडा जास्त दमदार समजावा. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एक सी-१० आणि दुसरी सी-२० असेल तर ती तुलनाच धरू नका.

पायरी ४: आता प्रकार निवडा

वरच्या घरात रोज एक खोल फेरा आणि एक अर्धवट फेरा होतो. इतक्या खोलीवर फ्लॅट प्लेट काहीशे फेरे काढते, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. माझ्या चौदा महिन्यांचं गणित हेच होतं. चांगली ट्यूब्युलर हजाराच्या पुढे जाते. इन्व्हर्टरला लावतात ती साधी एसएमएफही अशा खोल फेऱ्यांत फ्लॅट प्लेटच्याच रांगेत बसते, कारण तिची बांधणी मुळात कधीमधी लागणाऱ्या बॅकअपसाठी असते. म्हणून या घराला ट्यूब्युलरच, यात मला शंका नाही. विकत घेताना फेऱ्यांचा आकडा किती खोलीवरचा आहे ते कंपनीच्या तक्त्यात जरूर बघा. २० टक्के खोलीवरचा मोठा आकडा छापला असेल तर तो आपल्या कामाचा नाही.

पण वही वेगळं सांगू शकते. वीज दिवसातून पाच-सहा वेळा जाते, पण दर वेळी पंधरा-वीस मिनिटंच, तर बॅटरी कधी खोल उतरतच नाही. तिथे फ्लॅट प्लेट पुरते. तिच्या पातळ प्लेटा चार्जही लवकर घेतात, उलट ट्यूब्युलर त्या बाबतीत जरा सुस्त असते. आणि वीज आठवड्यातून एखाद-दोन वेळाच जात असेल, जागा थंड असेल आणि पाणी बघायला कोणी नसेल, तर एसएमएफ घ्या.

उरतं ते सगळ्यांत अवघड घर: वीज खूप वेळ जाते आणि मधे फार थोडा वेळ टिकते. वरच्या उदाहरणात साडेपाच ते दुसऱ्या दिवशी दहा, असे साडेसोळा तास मोकळे होते. पूर्ण भरायला दहा-अकरा तास लागतात, कारण शेवटचा भाग फार हळू भरतो. हेच मोकळे तास सहावर आले तर कोणतीही बॅटरी रोज अर्धपोटी राहील. लेड सल्फेट मग कडक होऊन प्लेटवर बसतं आणि बॅटरी हळूहळू कमी कमी देऊ लागते. अशा घरात लोक मोठी बॅटरी आणतात. चार्जर तोच ठेवला तर दिवसभरात आत जाणारी वीज तेवढीच राहते, म्हणून मोठी बॅटरीही अर्धवटच भरते. त्यापेक्षा लोड कमी करा. ७० वॅटचे दोन्ही पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर आपल्या उदाहरणातला प्रवाह २८ वरून २०-२१ अँपिअरवर येतो.

पायरी ५: बॅटरी ठेवणार कुठे?

मोकळ्या ॲसिडच्या बॅटऱ्या, म्हणजे ट्यूब्युलर आणि फ्लॅट प्लेट, चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणून बंद कपाटात किंवा झोपायच्या खोलीत त्या नकोत, खेळती हवा हवी. एसएमएफ या बाबतीत बरी, पण जास्त चार्ज झाली तर तिचाही व्हॉल्व्ह उघडतो, त्यामुळे तिलाही पेटीत कोंडू नये.

एसएमएफचा खरा शत्रू उष्णता आहे. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली ती ठेवणं म्हणजे पैसे वितळवणं. उष्णता इतर दोघींनाही मारते, पण त्यांचं उडालेलं पाणी निदान भरून तरी काढता येतं.

पायरी ६: इन्व्हर्टरचं बटण तपासा

बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं छोटं बटण असतं. ट्यूब्युलरच्या खुणेवर चार्जिंगचा व्होल्टेज जास्त असतो, साधारण १४.४ च्या वर. एसएमएफ लावून बटण तसंच राहिलं तर ती आतून सुकते आणि वरून काही कळत नाही. उलट ट्यूब्युलरला एसएमएफच्या खुणेवर ठेवलं तर ती पूर्ण भरतच नाही. बॅटरी बदलली की हे बटण बघायचंच, मग जोडणारा माणूस काहीही म्हणो.

पायरी ७: महिन्याने मोजा

पाण्याच्या बॅटरीला हायड्रोमीटर लावा. बॅटरी पूर्ण चार्ज झालेली हवी आणि माप पाणी घालण्याआधी घ्यायचं; नुकतं घातलेलं पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा कमी येतो. रबरी फुगा दाबून सोडा, सोंगटी तरंगू द्या, आकडा डोळ्यांच्या रेषेत वाचा. ट्यूब्युलर पूर्ण भरली की १.२४० च्या आसपास दिसते. हायड्रोमीटरवरच्या लाल-हिरव्या पट्ट्यांवर जाऊ नका, त्या बहुधा गाडीच्या बॅटरीसाठी आखलेल्या असतात आणि चांगली ट्यूब्युलर त्यांच्यावर उतरलेली वाटू शकते.

आकड्यापेक्षा सहा कप्प्यांतला फरक जास्त बोलका असतो. पाच कप्पे १.२४० दाखवतात आणि एक १.१९० वर आहे, तर तो कप्पा आजारी आहे. पूर्ण रात्र चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही फरक ०.०३० पेक्षा जास्त राहिला तर वॉरंटीत असतानाच तक्रार करा. पातळी खाली गेली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड अजिबात नको, कारण उडालेलं असतं ते पाणीच.

एसएमएफला बूच नाही, म्हणून मल्टिमीटरवर भागवायचं. पूर्ण चार्ज करून, चार्जर आणि लोड दोन्ही काढून, काही तास तशीच ठेवा, १२.८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग नेहमीचा लोड लावून घड्याळ लावा. विसावलेली असताना व्होल्टेज छान, पण लोड लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत इन्व्हर्टर ओरडायला लागला, तर ती सुकलेली किंवा कडक सल्फेट बसलेली आहे आणि तिला बदलण्याशिवाय इलाज नाही.