पाळ्यांचे नवे वेळापत्रक आणि सणांच्या रजा : एका परिपत्रकाचा अनुभव

कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू झालेल्यांकडे पहिल्या वर्षातच हमखास एक काम येते, ते म्हणजे गणपती-दिवाळीच्या तोंडावर पाळ्यांचा बदल आणि रजांचे नियम कळवणारे परिपत्रक लिहिण्याचे. हे काम पानभर मजकुराचे दिसते. मला ते २०२३ साली पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातील, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात करावे लागले आणि त्या एका पानाला जवळपास तीन आठवडे लागले. त्यातील बराचसा वेळ लिहिण्यात गेला नाही, तर काय लिहायचे हे ठरवण्यात गेला.

आमच्या एका विभागात तीन पाळ्यांत मिळून ५४ कामगार होते, म्हणजे पाळीमागे १८. पूर्वीच्या वेळा सकाळी ७ ते दुपारी ३:३०, दुपारी ३:३० ते रात्री १२ आणि रात्री १२ ते सकाळी ७ अशा होत्या. दुसऱ्या पाळीतून मध्यरात्री सुटणाऱ्यांना घरी जायला वाहन मिळत नसल्याची तक्रार जुनी होती, म्हणून सर्व पाळ्या अर्धा तास अलीकडे घ्यायच्या असे ठरले. नव्या वेळा ६:३० ते ३, ३ ते ११:३० आणि ११:३० ते ६:३०. बदल कामगारांच्याच मागणीवरून होत असल्याने फलकावर कागद लावला की काम झाले, अशी माझी समजूत होती.

ती चुकीची होती. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे कामाच्या वेळा, पाळ्यांची पद्धत, रजा-सुट्ट्या किंवा रूढ सवलती यांत बदल करायचा असेल, तर आधी रीतसर सूचना द्यावी लागते आणि ती दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल अमलात आणता येत नाही. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसांची ही तरतूद आहे. कारखाने अधिनियमाप्रमाणे दर्शनी भागी लावलेला कामाच्या वेळांचा तक्ता बदलण्यापूर्वी कारखाना निरीक्षकालाही कळवावे लागत असे. याचा व्यवहारी अर्थ असा की परिपत्रकाची तारीख सणापासून उलटी मोजत यावी लागते. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी होती. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, म्हणून पाळ्या शुक्रवारी बदलत. त्यानुसार नव्या वेळा शुक्रवार, १५ सप्टेंबरपासून लागू करायचे ठरवून आम्ही सूचना शुक्रवार, १८ ऑगस्ट रोजी दिली. हाती चार आठवडे राहिले. कायदेशीर सूचना आणि कामगारांनी वाचायचे परिपत्रक हे दोन वेगळे कागद ठेवले, कारण पहिल्याची भाषा ठरावीक असते आणि दुसरा कागद जेवणाच्या सुट्टीत उभ्याने वाचला जातो.

आता तिसऱ्या पाळीविषयी, कारण वेळापत्रकातील बहुतेक घोटाळे तिथेच होतात. आदल्या वर्षीच्या आमच्या एका सूचनेत ‘गुरुवारी तिसरी पाळी बंद राहील’ एवढेच वाक्य होते. बुधवारी झोपायच्या वेळी, रात्री १२ ला सुरू होणारी पाळी बुधवारची की गुरुवारची? कॅलेंडरप्रमाणे ती गुरुवारची, पण कामगारांच्या बोलण्यात ती ‘बुधवारची नाइट’. त्या रात्री १८ पैकी सात जण आले आणि अकरा जण घरी राहिले. दोन्ही गटांचे म्हणणे आपापल्या परीने बरोबर होते, त्यामुळे कोणाचाही पगार कापता आला नाही, आणि सात जणांवर लाइन चालली नाही ती नाहीच. नव्या परिपत्रकात म्हणून पहिलेच वाक्य असे घातले : ‘पाळी ज्या तारखेला सुरू होते, तीच त्या पाळीची तारीख समजावी.’ त्याखाली एक उदाहरण दिले की बुधवारी रात्री ११:३० ला सुरू होऊन गुरुवारी सकाळी ६:३० ला संपणारी पाळी बुधवारची असून ती चालू राहील, आणि गुरुवारी रात्री ११:३० ची पाळी बंद राहील. सुरुवात रात्री ११:३० ला आल्यामुळे वार आणि तारीख दोन्ही सरळ झाल्या, हा वेळा बदलण्याचा आम्हाला न मागता मिळालेला फायदा.

याच जागी पाळ्यांचा क्रमही तपासून घ्यावा. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी आणि तिसरीनंतर पुन्हा पहिली असा क्रम कागदावर स्वाभाविक वाटतो. पण गुरुवारी सकाळी ६:३० ला रात्रपाळी संपवून गेलेला माणूस त्या क्रमाने शुक्रवारी सकाळी ६:३० ला पुन्हा यंत्रापाशी हवा. मध्ये बरोबर २४ तास असतात. नियम पाळला जातो, पण ती सुट्टी झोपेत संपते. आम्ही क्रम उलटा ठेवला, म्हणजे तिसरीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली आणि पहिलीनंतर तिसरी. मग तिसरीवरून येणाऱ्याला साडेबत्तीस तास मिळतात आणि दुसरीवरून पहिलीला येणाऱ्याला एकतीस. हे कारण परिपत्रकात दोन ओळींत लिहिले, नाहीतर ‘उलटे का फिरवता’ हा प्रश्न रोज वेगवेगळ्या माणसाकडून आला असता.

रजांच्या भागाचा माझा पहिला मसुदा मी जुन्या फाइलीवरून उतरवला होता. त्याची सुरुवात अशी होती : ‘सणासुदीच्या काळात विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल, याची सर्वांनी सक्त नोंद घ्यावी.’ युनियनच्या कमिटीतील एका ज्येष्ठ सदस्यांना मसुदा दाखवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, आम्ही अजून काही केलंच नाही.’ त्यांचे खरे होते. त्या वाक्यात रजा किती जणांना, कधी आणि कशी मिळेल हे कुठेच नव्हते; फक्त संशय होता. ते काढून मी असे लिहिले : ‘लाइन चालू ठेवण्यासाठी प्रत्येक पाळीत किमान १४ जण आवश्यक आहेत. त्यामुळे १८ ते २४ सप्टेंबर या काळात एका पाळीत एका दिवशी चार जणांपर्यंत रजा मंजूर करता येतील.’ नकाराचे कारण आकड्यात सांगितले की तो नकार कोणा माणसाविरुद्ध राहत नाही. कारवाईचे वाक्य पूर्ण वगळले नाही. ते शेवटी, स्थायी आदेशांचा उल्लेख करून, एका ओळीत ठेवले.

चार जागा कोणाला द्यायच्या, हा खरा प्रश्न. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हा नियम निःपक्षपाती वाटतो, पण आमचे कार्यालय सकाळी ९ ला उघडते आणि तिसऱ्या पाळीचे लोक त्याआधीच घरी गेलेले असतात. अर्जाच्या पहिल्या दिवशी रांगेत पहिल्या पाळीचेच लोक उभे राहिले असते. म्हणून अर्जासाठी २१ ते २९ ऑगस्ट अशी मुदत ठेवली, टाइम ऑफिसपाशी पेटी ठेवली आणि मुदतीत आलेले सर्व अर्ज एकाच वेळी आल्याचे मानले. प्रत्येकाने मोठ्या रजेसाठी दोन पसंती लिहायच्या. आदल्या वर्षी ज्याची सणाची रजा नाकारली गेली त्याला आधी, आणि उरलेल्यांत कमिटी सदस्यांसमोर चिठ्ठ्या टाकून निवड. निकाल २ सप्टेंबरला फलकावर लागेल, ही तारीख परिपत्रकात छापली आणि ती पाळली. कोकणात जाणाऱ्याला गाडीचे आरक्षण किती आधी करावे लागते हे ध्यानात घेतले, तर ही तारीखसुद्धा उशिराचीच होती, हे मला मान्य आहे.

पसंतीच्या यादीत मी प्रथम गणपती आणि दिवाळी एवढेच पर्याय दिले होते. लातूरकडच्या एका कामगाराने विचारले, ‘आमच्या महालक्ष्म्यांचं काय?’ त्याच्या घरी मोठा सण तोच असतो. त्या वर्षी गौरी आवाहन २१ सप्टेंबरला गुरुवारी, पूजन २२ ला आणि विसर्जन २३ ला होते. आवाहन साप्ताहिक सुट्टीतच येत असल्याने त्याला दोनच दिवसांची रजा पुरत होती, तर कोकणातल्याला १८ पासून हवी होती. बिहारच्या कामगारांना दिवाळीपेक्षा १९ नोव्हेंबरची छठ महत्त्वाची होती. यादीत हे पर्याय आल्यावर एकाच दिवसावर पडणारी मागणी आपोआप विखुरली, आणि चिठ्ठ्या टाकण्याची वेळ फक्त एका पाळीपुरती आली.

दिवाळीचा पेच वेगळा होता. लक्ष्मीपूजन रविवारी, १२ नोव्हेंबरला होते, आणि रविवार आमच्याकडे कामाचा दिवस. पाडवा १४ ला आणि भाऊबीज १५ ला भरपगारी सुट्टी ठरलेली होती. व्यवस्थापनाची सूचना अशी आली की रविवारी सुट्टी देऊन त्याबदली गुरुवार, १६ तारखेला काम घ्यावे. तसे करता येत नव्हते. कारखाने अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम घेतले, तर बदली सुट्टी त्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतच द्यावी लागत असे, आणि १२ ते १६ हे अंतर चार दिवसांचे आहे. गुरुवार, ९ तारखेला काम घेऊन १२ ला सुट्टी देणे मात्र बसत होते. पण तेवढ्यावर थांबू नये. सलग कामाचे दिवसही मोजावेत, कारण पूर्ण दिवसाच्या सुट्टीविना सलग दहापेक्षा जास्त दिवस काम घेता येत नसे. आधीची सुट्टी २ नोव्हेंबरची, म्हणजे ३ ते ११ असे नऊ दिवस झाले. हेही बसले. या अदलाबदलीची सूचना निरीक्षकाला देऊन कारखान्यात लावली.

एक गोष्ट तरीही माझ्या नजरेतून सुटली. १२ ला सुट्टी, १४ आणि १५ ला सुट्टी, १६ ला गुरुवार, आणि मध्ये सोमवार, १३ तारीख एकटी. त्या एका दिवसासाठी इतके अर्ज आले की एका पाळीत चार ही मर्यादा हास्यास्पद ठरली. अखेरीस १३ ला दोनच पाळ्या चालवून तिसरी बंद ठेवावी लागली, आणि त्यासाठी घाईने दुसरे पत्रक काढावे लागले. वेळापत्रक कॅलेंडरवर रंगवून पाहिले असते, तर ते भोक पहिल्याच दिवशी दिसले असते.

परिपत्रक मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत लावले. कंत्राटी कामगारांना यातील कोणता भाग लागू आणि कोणता त्यांच्या कंत्राटदाराकडे, हेही स्पष्ट लिहिले, कारण फलक सगळेच वाचतात. खाली ‘शंका असल्यास मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा’ या वाक्याऐवजी अर्ज घेण्याच्या मुदतीत कोण, कुठे, किती वाजता बसेल ते लिहिले. पहिले तीन दिवस सकाळी ६:३० ते ७:३० मी स्वतः टाइम ऑफिसात बसले. तिथे सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न रजेचा नव्हताच. कॅन्टीनचा चहा आता किती वाजता येणार, हे मी कुठेच लिहिले नव्हते.