खर्डा पहिल्या वाचकांच्या हाती देताना

खर्डा कुणाला वाचायला देण्याआधी स्वतः एकदा सलग वाचून काढा आणि ज्या चुका तुम्हाला आधीच माहीत आहेत त्या दुरुस्त करा. नाहीतर सगळेच वाचक तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगत बसतील. वाचकाला एखादी गोष्ट पहिल्यांदा एकदाच वाचता येते, तो वाचक असा वाया घालवू नये. म्हणूनच मी सहा जण ठरवले, तर पाच जणांनाच देते आणि एकाला दुसऱ्या खर्ड्यासाठी राखून ठेवते. या सहांत निदान दोघं स्वतः न लिहिणारे, पण या प्रकारची पुस्तकं आवडीने वाचणारे असावेत. लिहिणारे लोक बहुतेकदा आपण हे कसं लिहिलं असतं ते सांगतात.

पानांना क्रमांक घाला, समास रुंद ठेवा, पहिल्या पानावर तारीख टाका. सगळ्यांना एकच प्रत द्या आणि ती परत येईपर्यंत मजकुराला हात लावू नका. नाहीतर कोण कुठल्या पान ९२ बद्दल बोलतंय तेच कळेनासं होतं.

सोबत काय विचारायचं ते आधी लिहून ठेवा. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान आहे’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी वाचता वाचताच समासात खुणा करायला सांगा: कुठे वाचन थांबवलं, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठे पटलं नाही. वाचून झाल्यावर कथा त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मात्र आधी सांगू नका. बोलणं चालू असताना खुलासेही करू नका, फक्त त्यांचेच शब्द टिपून घ्या. तुम्ही एकदा समजावलंत की तो वाचक समजूतदारपणे मान डोलावतो, आणि अडचण पानावर तशीच राहते.

मग वहीत तीन रकाने आखा: पान, वाचकाला काय झालं, त्याने सुचवलेला उपाय. तिसरा रकाना वेगळा ठेवणं सगळ्यांत महत्त्वाचं. हे मला एका १४० पानांच्या लघुकादंबरीने शिकवलं. दोन बहिणी वडिलांचं घर विकायला निघतात आणि पान ९२ वर धाकटी सही करायला नकार देते. एका वाचकाने लिहिलं, ‘हे फार अचानक झालं.’ दुसऱ्याला तिथले संवाद कृत्रिम वाटले. तिसरी म्हणाली, धाकटी डोक्यात जाते, तिचा भाग कमी कर. चौथ्याने पान ९४ वर वाचन थांबवलं आणि दोन दिवस पुन्हा हातात घेतलं नाही. पाचव्याची काहीच तक्रार नव्हती. सुटे सुटे वाचले तर हे चार वेगळे आक्षेप होते, आणि मी संवाद घासायलाही बसले होते. रकान्यात मांडल्यावर दिसलं की उपाय निरनिराळे असले तरी जागा एकच आहे. कारण मात्र तिथे नव्हतंच. पान ३१ वर, वडिलांच्या आजारपणात धाकटीने त्या घरात एकटीने काढलेल्या रात्रींचे दोन परिच्छेद मी लांबी कमी करताना उडवले होते. माझ्या डोक्यात त्या रात्री होत्या, वाचकाच्या नव्हत्या. म्हणून एखाद्या जागेवर तीन-चार जण अडखळले, तर त्या जागेच्या मागची पानं उलगडून बघा. वाचकाला कुठे खटकलं हे तो बहुधा बरोबर सांगतो. का खटकलं, हे शोधणं आपलं काम.

सगळंच मतांच्या संख्येवर ठरत नाही. पान १४ वर पौर्णिमा होती आणि आठ दिवसांनी पुन्हा पूर्ण चंद्र उगवला होता. हे एकाच वाचकाला दिसलं, पण चूक ती चूकच. कोण बोलतंय ते कळलं नाही, असं एकाने जरी सांगितलं तरी ते वाक्य दुरुस्त करा, त्याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही. उलट, बहिणी शेवटी एकत्र यायला हव्या होत्या ही एकीची सूचना मी बाजूला ठेवली, कारण तिला वेगळी गोष्ट हवी होती. जो आक्षेप वाचून चीड आली, त्यावर मात्र लगेच काट मारू नका. आठवडाभराने तोच पुन्हा वाचा. संवादांचा आक्षेप मला असाच झोंबला होता.

शेवटी मी पान ३१ वर दोन परिच्छेद परत घातले आणि पान ९२ चा एक शब्दही बदलला नाही. राखून ठेवलेल्या वाचकाची प्रत आली, तेव्हा मी आधी तेच पान उघडलं. समास कोरा होता. खूण होती ती पान ३१ च्या दुसऱ्या परिच्छेदाशी: ‘इथे थोडं थांबले.’