लॉक नटची चावी हरवली? अलॉय वाचवायचं असेल तर या चुका टाळा

अलॉय चोरीला जाऊ नयेत म्हणून बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या नक्षीचा असतो. तो फिरवायला त्याच नक्षीची बोटभर चावी पान्याला लावावी लागते. ती जागेवर नाही हे बहुतेकांना स्टेपनी लावायची वेळ आल्यावरच कळतं. मग जवळचा टायरवाला छिन्नी-हातोडी काढतो, आणि काही शे रुपयांच्या नटापायी काही हजारांच्या अलॉयला कायमचा ओरखडा बसतो.

शोध अर्धवट सोडू नका

डिकीतल्या स्टेपनीखालचा टूलकिट, ग्लोव्ह बॉक्स, सीटखालची जागा हे सगळेच बघतात. पान्याच्या सॉकेटमध्ये मात्र कोणी डोकावत नाही, आणि चावी बऱ्याचदा तिथेच अडकलेली असते. गॅरेजमध्येही तेच होतं. चावी नट खोलायच्या गनच्या सॉकेटला लागलेलीच राहते आणि गाडी निघून जाते. म्हणून चाकं शेवटची जिथे उघडली होती, तिथे पहिला फोन करा. लवकर केलात तर सापडण्याची शक्यता बरी असते. महिना उलटला की ती भंगारच्या डब्यात गेलेली असते.

नंबर न बघता हत्यार उचलू नका

माझ्या मेहुण्याच्या जुन्या ऑक्टाव्हियाच्या प्रत्येक चाकाला पाचांपैकी एक बोल्ट लॉकचा होता. (स्कोडा, फोक्सवॅगनला नट नसतात, हबमध्ये जाणारे बोल्ट असतात. मारुती, ह्युंदाईला स्टडवर नट.) चावी गेल्यावर गॅरेजवाला म्हणाला, वेल्डिंग करू. आम्ही आधी गाडीचं मॅन्युअल उघडलं. स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की कोड नंबर चावीवर आणि लॉक बोल्टच्या दर्शनी बाजूवरही ठोकलेला असतो, आणि त्या नंबरावरून दुसरी चावी मागवता येते. बोल्टवरची प्लॅस्टिकची टोपी काढली, टूथब्रशने धूळ साफ केली आणि बाजूने टॉर्च मारला. दोन बोल्टांवरचे आकडे गंजात गेले होते, तिसऱ्यावर वाचता आले.

बाहेरून विकत घेऊन बसवलेल्या सेटचा नंबर बहुधा डब्यातल्या छोट्या कार्डावर असतो. काही जण ते कार्ड गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवतात, तिथेही बघा.

नंबर कुठेच वाचता आला नाही, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की तुमच्याकडे लॉक बोल्टच्या सगळ्या नक्षींचा मास्टर सेट आहे का. मोठ्या वर्कशॉपमध्ये तो असतो. काउंटरवरचा माणूस 'नाही' म्हणाला तर थेट फ्लोअरवरच्या मेकॅनिकला विचारा, कारण सेट त्याच्या कपाटात असतो. बाहेरून घेतलेल्या नटांना मात्र हा सेट चालत नाही.

फट मोजल्याशिवाय सॉकेट ठोकू नका

चावी मिळणारच नाही असं ठरलं की मगच जबरदस्तीचे उपाय. यात अलॉय वाचणार की नाही हे नटाभोवतीच्या फटीवर ठरतं. नट ज्या खळग्यात बसतो, त्याची भिंत आणि नटाचं डोकं यांच्यात किती जागा आहे ते व्हर्नियरने मोजा. सॉकेटची भिंत साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाड असते. फट त्याहून कमी असेल तर सॉकेट नटाबरोबर अलॉयलाही खरवडत आत जाईल. अशा वेळी पातळ भिंतीचं सॉकेट लागतं, नाहीतर हा उपाय सोडून द्या.

फट पुरेशी असेल तर दोन पर्याय. एक, आतून उलट्या पिळाचे दाते असलेलं नट काढायचं खास सॉकेट. उघडायला जोर लावाल तसे त्याचे दाते नटात रुततात. दुसरा जुगाडू, पण चालणारा: नटाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान, बारा कोनांचं सॉकेट ठोकून बसवायचं. दोन्हींत हातोडी किलोभर वजनाची पुरे. घण घेतलात तर चाकाच्या बेअरिंगला मार बसतो. ठोके सरळ द्या, त्या धक्क्याने गंजही सुटतो. खळग्याच्या कडेला आधी दोन-तीन थर मास्किंग टेप लावा.

मग लांब दांड्याने सावकाश, एकसारखा जोर द्या. सॉकेट घसरलं की लगेच थांबा. तसंच फिरवत राहिलात तर डोकं गोल होईल आणि पुढच्या सॉकेटला धरायला काही उरणार नाही. एक माप लहान सॉकेट घेऊन पुन्हा ठोका.

इथे बहुतेक जण दोन चुका करतात. पहिली, 'सोपं जाईल' म्हणून बाकीचे नट आधीच काढून टाकायचे. मग चाकाचा सगळा भार त्या एका लॉक नटावर येतो आणि तो आणखी जाम होतो. बाकीचे नट पूर्ण आवळलेले आणि चाक जमिनीवर हवं. दुसरी, गन लावायची. गनच्या धक्क्यांनी खास सॉकेटचे दाते झिजतात. मूळ चावी हातात असली तरी तिच्यावर गन मारू नका, नाजूक नक्षीची चावी तडकते.

गंजाचा स्प्रे मारायला हरकत नाही, पण फार आशा ठेवू नका. बोल्टचे आटे आत हबमध्ये असतात आणि बंद तोंडाच्या नटातही स्प्रे समोरून शिरत नाही. नट किंवा बोल्ट अलॉयला जिथे टेकतो, त्या बैठकीपाशीच तो पोचतो, आणि डिस्कवर उडाला तर ब्रेकची पकड जाते.

बाहेरची रिंग फिरते का बघा

काही लॉक नटांच्या बाहेर एक मोकळी रिंग असते. ती नटावर नुसती गरगरते, नट हलत नाही. पक्कडीने धरून फिरवून बघा. फिरली, तर वरचे दोन्ही उपाय बाद. मग ड्रिलने डोकं काढावं लागतं: मधोमध पंच मारून, कोबाल्ट बिटने, बारीक भोकापासून मोठ्याकडे. बोल्टचं डोकं सुटलं की ताण जातो, आणि मागे उरलेला दांडा पक्कडीने हळूहळू फिरवून निघतो. ड्रिल घसरलं तर अलॉयवर खोल चरा पडतो, म्हणून बिटला गाइड बुश लावून काम करणाऱ्या कारागिराकडेच जा.

वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत मात्र अजिबात नको. रंग जळणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. हवा भरलेल्या टायरजवळ एवढी उष्णता दिली तर टायर फुटून माणूस जाऊ शकतो.

चारही एकदम फोडू नका

चारही लॉकची नक्षी सहसा एकच असते. एक न फोडता निघाला, तर तो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. नमुना हातात असला की जुळणारी चावी शोधणं सोपं. आमच्याकडे ही वेळ आली नाही, नंबरावरून मागवलेली चावी पहिल्याच चाकाला बरोबर बसली.

साधे बोल्ट घ्यायचे ठरवलंत तर आटे, लांबी आणि बैठक तिन्ही जुळवा. ऑक्टाव्हियाच्या मूळ अलॉयला 14 मिलिमीटरचे, 1.5 पिचचे, गोल बैठकीचे बोल्ट लागतात. दुकानात सहज मिळतात ते शंकूच्या आकाराचे. आटे तेच असल्याने ते आत जातात, घट्टही वाटतात, पण अलॉयला फक्त एका रेघेवर टेकतात आणि पुढे सैल होतात. बैठक कोरडी पुसा, टॉर्क पान्याने 120 न्यूटन-मीटरला आवळा आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.