अडकलेला शेअर आणि कॉल रेशो स्प्रेड

शेअर पडला की बहुतेक जण आणखी पैसे ओतून अ‍ॅव्हरेज करतात. ऑप्शन शिकायला लागलेल्यांना मी आधी दुसरा मार्ग कागदावर मांडायला सांगतो, कारण त्यात पडत्या शेअरमध्ये नवी रक्कम अडकत नाही.

धरा, तुमच्याकडे ५०० शेअर ५०० रुपयांनी घेतलेले आहेत, लॉटही ५०० चाच आहे आणि भाव आता ४४० आहे. ४४० चा एक कॉल २३ रुपयांना घ्यायचा आणि ४७० चे दोन कॉल प्रत्येकी साडेअकराला विकायचे. दिलेला आणि मिळालेला प्रीमियम सारखाच, म्हणजे खर्च फक्त ब्रोकरेज आणि करांचा. एक्स्पायरीला भाव ४७० झाला, तर शेअरमधला १५,००० चा तोटा घेतलेला कॉल भरून काढतो आणि विकलेले दोन्ही शून्य होतात. ५०० ऐवजी ४७० ला सुटका! पण भाव ५२० गेला तरी हिशेब शून्यच राहतो. नुसते शेअर ठेवले असते तर १०,००० मिळाले असते. म्हणून, शेअर जोरात उसळेल असं वाटत असेल तर हे करू नये. आणि भाव ४०० झाला, तर तोटा पूर्ण ५०,००० चाच. घसरणीपासून इथे कसलंही संरक्षण नाही.

शून्य खर्च जमतो तो साधारण दोन महिन्यांच्या मुदतीत. चालू महिन्यात ४७० चा कॉल फारच स्वस्त असतो, त्यामुळे खिशातून पैसे जातात. पुढच्या महिन्यांत मात्र बऱ्याच शेअरच्या ऑप्शनला गिऱ्हाईक नसतं, म्हणून खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर आधी बघा. शेअर ४० टक्के पडला असेल, तर ही जुळणी बसतच नाही.

सौदा करताना आधी कॉल घ्या, मग विका. विकलेल्या दोनपैकी एकाला घेतलेल्या कॉलचा आधार असतो. दुसऱ्यासाठी पूर्ण मार्जिन लागतं. शेअर डिमॅटमध्ये नुसते पडून असले तर त्याची सूट आपोआप मिळत नाही, ते प्लेज करावे लागतात.

नवखे सर्वांत जास्त घाबरतात ते भाव लवकर ४७० ला पोचला की. महिना बाकी असताना घेतलेला कॉल ३६ च्या आसपास आणि विकलेले साडेसतराच्या आसपास दिसतात. म्हणजे ऑप्शनमधून हाती जेमतेम रुपया, तीस नव्हे. उरलेला फायदा वेळेचं मूल्य झिजेल तसाच येतो, तोवर थांबावं लागतं.

एक्स्पायरीच्या आठवड्यात मात्र थांबू नका. आपल्याकडे शेअर ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊनच होते. भाव ४५५ ला बंद झाला, तर ४४० च्या कॉलपोटी आणखी ५०० शेअर घ्यावे लागतील आणि त्यासाठी २,२०,००० रुपये रोख लागतील. शेवटच्या दिवसांत मार्जिनही वाढत जातं. त्याआधीच तिन्ही लॉट बंद करा, पण विकलेले आधी.