दीडशे माणसांचं मटणाचं जेवण घरी: अंदाज कुठे चुकतो, या चुका टाळा

जावळ असो, वास्तुशांतीनंतरचं जेवण असो की यात्रेचं, कोल्हापूरकडे घरच्या मटणाच्या जेवणात एक तक्रार ठरलेली असते. शेवटच्या पंक्तीला फोडी संपतात, नुसता रस्सा उरतो, आणि त्या पंक्तीला नेमकी घरचीच माणसं बसलेली असतात. मग सगळे म्हणतात, मटण कमी आणलं. बहुतेक वेळा मटण पुरेसं असतं. चूक एक तर माणसं मोजण्यात झालेली असते, नाही तर वाढण्यात.

घरं मोजली, तोंडं मोजली नाहीत

आवतण घरटी एक आहे की चूलबंद, हे यादीत प्रत्येक नावापुढे लिहा. चूलबंद सांगितलं म्हणजे त्या घरातली सगळी माणसं येणार. “तीस घरं, म्हणजे दीडशे” असा ठोक हिशेब धरला की तो वीस-पंचवीस माणसांनी सहज चुकतो. यादी तीन रकान्यांत करा: मटण खाणारी मोठी माणसं, दहा वर्षांच्या आतली मुलं, आणि न खाणारी. उदाहरण म्हणून 150 ची यादी अशी धरू: 108 मोठी, 30 मुलं, 12 शाकाहारी.

तारीख धरतानाच वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे पुष्कळ, हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही घरांत जोतिबाचा रविवारही पाळतात, आणि सुट्टी म्हणून रविवार धरणाऱ्याला ते ऐन दिवशी कळतं. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी पडली तर शाकाहारी 12 चे 40 होतात. मटण उरतं आणि अख्खा मसूर संपतो.

यादीत नसलेली दोन खाती आणखी धरायची. एक, बाहेरून येणारी कामाची माणसं. ती किती लागतात ते पुढे येतंच, इथे 11 धरा. दुसरं, डबे. जे येऊ शकले नाहीत त्यांना आणि शेजारी डबा जाणारच, तो आयत्या वेळी शेवटच्या पंक्तीच्या वाट्यातून निघतो. दहा डबे आधीच धरा.

मटण किलोवर ठरवलं, फोडीवर नाही

मोठ्या माणसाला हाडासकट 200 ग्रॅम कच्चं मटण, मुलाला 100 ग्रॅम. 108 आणि 11 मिळून 119 माणसांचं साधारण 24 किलो, मुलांचं 3 किलो, डब्यांचं 2 किलो. म्हणजे 29, आणायचं 30 किलो. आपल्याकडे “किलोला पाच माणसं” म्हणतात तेही इथेच येऊन पोचतं. मटण हाच मुख्य पदार्थ असताना किलोला आठ हा हिशेब चालत नाही.

पण 30 किलो आणूनही कमी पडू शकतं, कारण ताटात वजन पडत नाही, फोड पडते. खाटकाला 40 ग्रॅमची फोड सांगितली तर किलोला 25 फोडी निघतात आणि माणशी पाच येतात. काही न सांगता मोठी फोड पडली, समजा 60 ग्रॅमची, तर किलोला सोळा-सतराच निघतात. वाढणारा मात्र सवयीने पाचच वाढतो आणि तेच 30 किलो शंभर माणसांतच संपतं. म्हणून फोडीचा आकार आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि दुकानातच एक किलो मोजून बघा. उभी बकरी घेत असाल तर जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास, बऱ्याचदा थोडं कमीच, मटण हाती येतं. 30 किलोसाठी 20 ते 22 किलोची तीन बकरी लागतात. मुंडी, पाय, वजडी त्या 30 किलोत धरू नका.

रस्सा वाढवण्यासाठी पाणी ओतलं

तांबडा माणशी पाव लिटर आणि पांढरा 150 मिली धरला, वर थोडा जास्त ठेवला, तर तांबडा 35 लिटर आणि पांढरा 25 लिटर लागतो. दोन्हींचा जीव अळणी पाण्यात. 30 किलो मटणातून 45 लिटरपर्यंत चांगलं अळणी पाणी निघतं, म्हणजे किलोला दीड लिटर. त्यातलं 30 लिटर तांबड्याला, 15 लिटर पांढऱ्याला. याच्या वर ताणलं की रस्सा रंगाला लाल दिसतो पण चवीला पोकळ लागतो, आणि मग वरून चटणी टाकत बसावं लागतं.

इतकं मटण आणि पाणी एका भांड्यात शिजवायला जाऊ नका. साठ लिटरची दोन पातेली घ्या. भांडं काठोकाठ भरलं की ढवळता येत नाही, खालच्या फोडी गळतात आणि वरच्या कच्च्या राहतात. चटणी पडायच्या आधी मुलांचं 3 किलो अळणी मटण बाजूला काढा. अळणी पाण्यातलेही पाच-सहा लिटर शेवटी घालायला राखून ठेवा. तिसऱ्या पंक्तीला तांबडा आटून दाट होतो, तेव्हा हेच गरम करून घालायचं. साधं थंड पाणी घातलं तर तर्री मोडते.

कांदा-लसूण चटणी किलोला 40 ग्रॅमने सुरुवात करा, म्हणजे सव्वा किलो. प्रत्येक घरची चटणी वेगळी, त्यामुळे पाव किलो हाताशी ठेवून चव बघत वाढवलेलं बरं.

पांढऱ्याला साधारण 25 नारळांचं दूध लागतं. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळा पांढरा सकाळीच करून मंद आचेवर ठेवून देणं. नारळाचं दूध उकळलं की फुटतं, वर तेलाचे ठिपके आणि खाली चोथा दिसायला लागतो. फुटायला लागल्याबरोबर उतरवा, काजू-खसखशीचं वाटण पातळ करून घाला आणि ढवळत राहा, बराचसा सावरतो. त्यापेक्षा अळणी पाणी आणि दूध वेगळं ठेवून पंक्तीपुरताच एकत्र करावा.

चपातीला माणसं कमी धरली

मटणाचा हिशेब घरातले चार जण बसून करतात. चपातीचं मात्र “बायका करतील” यावर सोडून देतात, आणि बहुतेक जेवणं इथेच अडतात. मोठ्या माणसाला तीन, मुलाला एक. शाकाहारी आणि कामाची माणसं धरून सव्वाचारशे चपात्या होतात. किलोभर पिठात 25 चपात्या, म्हणजे 17 किलो पीठ. एक लाटणारी दमाने तासाला 45 ते 50 लाटते. तीन लाटणाऱ्या, दोन तव्यांवर दोन भाजणाऱ्या आणि कणीक मळून गोळे देणारी एक, अशा सहाजणी असल्या तर तीन तास लागतात. साडेबाराची पंगत असेल तर नऊला तवा तापलेला हवा. दोघींवर काम टाकलं तर पहिली पंगत बसेपर्यंत शंभर-सव्वाशेच हातात येतात, लोक भाताकडे वळतात आणि मग भातही कमी पडतो. सहाजणी मिळत नसतील तर निम्म्या चपात्या आधीच बाहेर सांगा, त्यात कमीपणा नाही.

भात माणशी 80 ग्रॅम, मुलांना 50, एकूण 12 किलो तांदूळ. सहा-सहा किलोचे दोन घाणे करा आणि दुसरा पहिली पंगत बसल्यावर चढवा. आजरा घनसाळ वासाला छान, पण एवढ्या लोकांना महाग पडतो. इंद्रायणी मोठ्या पातेल्यात गिचका होते. कोलम मोकळा राहतो.

“पोरं वाढतील”

दीडशे माणसांना पन्नासच्या तीन पंक्ती करायच्या, एकीला 45 मिनिटं धरायची, उठवून जागा पुसण्यासकट. पन्नासच्या पंगतीला सात वाढपी लागतात: चपाती, मटण, तांबडा, पांढरा, भात, पाणी, आणि कांदा-लिंबू-मीठ यांना एकेक. पाचांत भागतं, पण मग तांबडा मागणाऱ्याला पांढरा दोनदा येतो. घरातली पोरं वाढायला धरता तेव्हा नावं ठरवा आणि तुम्ही तिसऱ्या पंगतीला बसायचं हे आदल्या रात्रीच सांगा. न सांगितलं तर पहिल्या पंगतीत तीच बसलेली दिसतात.

बाहेरची माणसं अशी: आचारी एक, हाताखाली दोन, चपातीच्या सहाजणी, भांड्याला दोघी. झाली अकरा. शिवाय घरातलं एक माणूस कोठीवर हवं, ज्याच्याकडे गॅस, तेल, मीठ, पत्रावळ्या आणि किल्ल्या असतील. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. पाण्याचे 20 लिटरचे आठ जार, उन्हाळ्यात दहा. एकोणीस किलोची दोन सिलिंडरं, एक लावलेलं, एक राखीव.

मटण वाटून ठेवलं नाही

आता शेवटची पंगत का उपाशी राहते ते बघा. पहिल्या पंगतीला साधारणपणे मुलं, शाकाहारी आणि वयस्कर माणसं बसवतात. वरच्या हिशेबात 30, 12 आणि 8. मुलांचं अळणी वेगळं काढलेलं, शाकाहाऱ्यांना मटण नाही, म्हणजे मोठ्या पातेल्यातून खाणारी माणसं आठच. पंगत उठते तेव्हा पातेलं भरलेलंच असतं. ते बघून वाढप्याचा हात सैल होतो. दुसरी पंगत तरण्या पुरुषांची, तिथे आग्रह चालतो, माणशी आठ-आठ फोडी जातात. तिसऱ्या पंगतीत पन्नास जण आणि मागून जेवणारी कामाची अकरा माणसं. खरा जास्त वाटा त्यांचा, आणि त्यांच्यासाठी तळ उरतो.

म्हणून शिजल्या शिजल्या, पहिलं ताट वाढायच्या आधी, डबे आणि मुलांचं वगळून 24 किलोचे तीन वाटे वेगळ्या भांड्यांत काढा. कच्च्या वजनाने पहिलीला 2, दुसरीला 10, तिसरीला 12 किलो. शिजल्यावर वजन घटतं, तेव्हा तराजू नको, फोडी बघा: साधारण 50, 250 आणि 300. तिसरं भांडं झाकून कोठीवाल्याच्या ताब्यात. मटणाच्या वाढप्याला सांगून ठेवा, पहिल्यांदा तीन फोडी, फेरीत दोन, आग्रह करायचा तो रश्श्याचा. हे काम घरातल्या थोरल्या माणसाकडे द्यावं, कारण पाहुण्याला “पुरे” म्हणायला परक्या पोराची जीभ रेटत नाही.

शाकाहाऱ्यांचा अख्खा मसूर 12 ऐवजी 20 जणांचा करा, सव्वा किलो मसूर पुरतो. तो मटणाआधी शिजवून घ्या, पातेलं आणि वगराळं वेगळं ठेवा.

एवढं करूनही दुसऱ्या पंगतीत वाटा संपत आला असं दिसलं तर तिसरं भांडं उघडू नका. तीस-चाळीस अंडी उकडायला टाका, पंधरा मिनिटांत सोलून अर्धी करून तांबड्यात सोडा. चपाती कमी पडली तर जवळच्या बेकरीतून पाव आणा, रश्श्यासोबत कुणी तक्रार करत नाही. भातासाठी तीन किलो तांदूळ धुऊन तयार असावा, अर्ध्या तासात उतरतो. डबे मात्र तिसरी पंगत बसायच्या आधी भरून पाठवून द्या. उरलेला पांढरा त्यांत घालू नका, उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो.