हबात कुठलं ग्रीस, पिनांत कुठलं: लिथियम आणि कॅल्शियमचा फरक ओळखून निवड कशी करावी

बेळगावातून भाजी भरून गोव्याला जाणारी आमची पिकअप जुन्या धाटणीची आहे. पुढे सरळ अ‍ॅक्सल, त्याखाली पाटे, पाट्यांना शॅकल पिना, स्टिअरिंगला किंगपिन आणि चाकाच्या हबात दोन-दोन टेपर बेरिंग. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून साखळीला पोचायचं, हा तिचा रोजचा रस्ता. एका पावसाळ्याआधी मी एकच बादली ग्रीस आणलं आणि पिनांत मारलं तेच हबातही भरलं. दुकानदार म्हणाला होता, "सगळीकडं चालतंय." पंधरवड्यातच एकदा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली आणि करपल्यासारखा वास आला. खाली थांबून पाहिलं तर उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ उडालेले होते.

उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रीमामांनी हब उघडलं. टोपीत पातळ तेल साचलेलं होतं आणि बेरिंगच्या पिंजऱ्यात वाळल्या मेणासारखे पिवळट गोळे अडकलेले होते. त्यातला एक गोळा चिमटीत धरून मामा म्हणाले, "हे चॅसिसचं ग्रीस हाय की रे. हबात कुणी घातलं?"

ग्रीस खराब नव्हतं. ते त्या जागेचं नव्हतं. ही चूक टाळायची असेल, तर आधी ग्रीसमधला साबण समजून घ्यावा लागतो.

साबण म्हणजे नेमकं काय

ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. त्यात बहुतेक भाग साधं तेलच असतं आणि वंगणाचं काम तेच करतं. त्या तेलाला जागेवर धरून ठेवायला साबण घातलेला असतो. साबणाचे बारीक तंतू एकमेकांत गुंततात, त्यांच्या जाळीत तेल अडकून राहतं आणि दाब आला की थोडं थोडं बाहेर येतं. पाण्याने भरलेला स्पंज डोळ्यांपुढे आणा. हे जाळं टिकलं तर ग्रीस टिकतं. ते मोडलं की तेल ओघळून जातं आणि साबण मागे उरतो. माझ्या हबात झालं ते हेच.

साबण होतो चरबीचं आम्ल आणि अल्कली यांच्यापासून. अंगाच्या साबणात अल्कली सोडियमची असते, म्हणून तो पाण्यात विरघळतो. ग्रीससाठी चुना वापरला की कॅल्शियमचा साबण होतो आणि लिथियमची अल्कली वापरली की लिथियमचा. लिथियम ग्रीससाठी लागणारं आम्ल बहुधा एरंडेल तेलापासून काढतात.

कॅल्शियमचा साबण तुम्ही घरी पाहिलेला आहे. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही आणि बादलीच्या काठाला पांढरट, चिकट थर बसतो. तो थर म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमने बनवलेला साबणच. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावा लागतो. कॅल्शियम ग्रीस पावसात आणि चिखलात धुऊन जात नाही, त्यामागे हाच गुण आहे.

त्याची दुखरी बाजू उष्णतेची. जुन्या पद्धतीच्या कॅल्शियम ग्रीसचं जाळं टिकायला त्यात थोडंसं पाणी मुरलेलं लागतं. तापलं की ते पाणी उडतं आणि जाळं कोसळतं. साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला ते थेंब होऊन गळू लागतं, आणि कामाला भरवशाचं राहतं ते ६० अंशांच्या आसपासच. नव्या पद्धतीचं बिनपाण्याचं कॅल्शियम ग्रीस १४० अंशांच्या आसपास गळतं, म्हणजे बरंच सोशिक आहे. पण डब्यावर तसं लिहिलेलं नसेल तर धरून चालू नये.

साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या पुढे गळतं आणि सुमारे १२० अंशांपर्यंत बिनघोर चालतं. लिथियम कॉम्प्लेक्स हा त्याचाच जास्त उष्णता सोसणारा प्रकार, त्याचा गळण्याचा बिंदू २५० च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. पाणी लिथियमही बऱ्यापैकी सोसतं, फक्त सतत पाण्याचा मारा असेल तिथे कॅल्शियम जास्त चिवट ठरतं. आणि एक लक्षात ठेवा: गळण्याचा बिंदू म्हणजे वापराची मर्यादा नव्हे. त्याच्या बऱ्याच आधी ग्रीस मऊ पडायला लागतं.

आता निवड

जागा कशाने छळली जाते, ते आधी बघा. घाट उतरताना ब्रेकचा ड्रम हात लावता येणार नाही इतका तापतो आणि ती उष्णता हबातून थेट बेरिंगमध्ये जाते. शिवाय बेरिंग सतत फिरत असतं. म्हणून हबात लिथियम, आणि घाटात भरलेली गाडी चालवत असाल किंवा पुढे डिस्क ब्रेक असतील तर लिथियम कॉम्प्लेक्स. इथे दहा-वीस रुपये वाचवायला जाऊ नका.

शॅकल पिना आणि किंगपिन तापत नाहीत. त्या जराशा इकडून तिकडे हलतात, त्यांच्यावर वजनाचे दणके बसतात आणि कणकुंबीच्या पावसात लाल चिखल थेट त्यांच्या तोंडाशी येतो. तिथे कॅल्शियमचं चॅसिस ग्रीस उत्तम काम करतं. लिथियम घातलं तरी बिघडत नाही, फक्त पावसाळ्यात ग्रीस गन जास्त वेळा मारावी लागते. दोन्हीकडे एकच डबा वापरायचा असेल तर तो लिथियमचा असावा. उलटं कधीच करू नका.

डब्यावर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. एक, एनएलजीआयचा आकडा. तो फक्त घट्टपणा सांगतो, दर्जा नाही. ठरलेल्या वजनाचा शंकू ग्रीसमध्ये किती रुततो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ नंबरच्या ग्रीसमध्ये तो २६५ ते २९५ रुततो, ३ नंबरमध्ये २२० ते २५०, म्हणजे ३ नंबर जास्त घट्ट. बहुतेक गाड्यांना २ चालतो, काही जुन्या गाड्यांच्या पुस्तकात हबासाठी ३ दिलेला असतो. तिथे पुस्तकाचं ऐकावं. दुसरं अक्षर ईपी. दणक्याच्या भाराखाली तेलाचा थर फाटला तरी धातूला धातू चिकटू नये म्हणून घातलेली ही द्रव्यं असतात. पिनांना ती हवीच.

रंगावर जाऊ नका. लाल, निळा, हिरवा हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्यांवरून साबण कळत नाही. 'मल्टिपर्पज' या शब्दावरूनही नाही. डब्यावर लिथियम असा उल्लेख नसेल, तर ते ग्रीस हबात घालू नये.

घरात बिननावाचं ग्रीस पडलं असेल तर एक साधी परीक्षा आहे. हरभऱ्याएवढा गोळा स्टीलच्या छोट्या वाटीत ठेवा आणि वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं तरंगत ठेवा. गोळा ढासळून पसरला आणि तेल सुटलं, तर ते जुन्या पद्धतीचं कॅल्शियम समजा आणि हबापासून लांब ठेवा. गोळा तसाच राहिला म्हणून मात्र ते लिथियमच, असं सिद्ध होत नाही. वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

हब भरताना

सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली घोडा. नुसत्या जॅकवर हब उघडायचं नाही. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढून बाहेरचं बेरिंग घ्या, मग हब ओढा आणि सील काढून आतलं बेरिंग.

जुनं ग्रीस पूर्ण धुवायचं, रॉकेलने किंवा डिझेलने, अगदी हबाच्या पोकळीतलंही. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सोडू नका. वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं मिसळली की मिश्रण पुष्कळदा दोन्हींपेक्षा मऊ होतं. साधं लिथियम आणि कॅल्शियम एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात. पण आधी आत मातीचं, म्हणजे बेंटोनाइटचं, किंवा पॉलियुरियाचं ग्रीस असेल तर जाळं मोडून सगळं ओघळू शकतं. धुतलेलं बेरिंग हवेच्या पाइपाने गरगर फिरवून वाळवू नका, रोलर उडू शकतात. पुसून, सुकू देऊन उजेडात बघा. रोलरवर निळसर झाक, खड्डे किंवा ओरखडे असतील तर बेरिंग कपासकट बदला. माझं बाहेरचं बेरिंग निळं पडलं होतं, ते गेलं, आतलं वाचलं.

मग तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या आणि बेरिंगची रुंद कड त्यात दाबत जा. पिंजऱ्यातून, रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूला ग्रीसच्या वळ्या बाहेर येईपर्यंत दाबायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. वरून फासलेलं ग्रीस आत जात नाही. बेरिंग गच्च भरावं, हबाची पोकळी मात्र तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंतच. पोकळी ठासून भरली की ग्रीस घुसळलं जातं, तापतं आणि सील ढकलून ब्रेकवर येतं. सील नवीनच लावा, त्याच्या ओठाला बोटभर ग्रीस फिरवा.

नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा म्हणजे रोलर जागेवर बसतात. नंतर नट सैल करा आणि हाताने लागेल तेवढाच परत आणा, भोक जुळवा, स्प्लिट पिन नवीन. चाक वर-खाली धरून हलवलं तर नावापुरती हालचाल जाणवावी. नेमकं माप गाडीच्या पुस्तकातलं घ्यावं.

पिनांना ग्रीस मारताना

निप्पल आधी फडक्याने पुसा, नाहीतर त्याच्यावरची वाळू तुम्हीच आत पंप कराल. चाक उचलून वजन काढलं तर ग्रीस पिनेच्या भार पडणाऱ्या बाजूलाही पोचतं. काळं, चिखलमिश्रित ग्रीस बाहेर येऊन त्यामागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारत राहा. शेवटी कडेला राहिलेली वळी पुसू नका, ती चिखल अडवते. रबरी टोपी असलेल्या बॉल जॉइंटला मात्र टोपी किंचित फुगली की थांबा. ती फाटली तर पाणी आत शिरतं. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर त्याच आठवड्यात गन पुन्हा मारा.

हबात आता लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी, २ नंबर आहे. कॅल्शियमची ती बादली मी टाकली नाही. तिच्यावर रंगाने 'फक्त पिना' असं लिहिलंय आणि पावसाळाभर ती पाट्यांना पुरते. हब भरल्यावर पहिल्या दिवशी दहा-पंधरा किलोमीटर सपाटीवर, ब्रेक कमी वापरत चालवून टोपीला हात लावला. कोमट होती. हात ठेवता आला नसता तर नट जास्त आवळला गेला, असं समजून पुन्हा उघडलं असतं. घाट उतरल्यावर साखळीला चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघतो. धूळ कोरडी लागली की भाजी उतरवायला घेतो.