रात्रपाळीच्या स्टोअरकीपरची कथा कशी लिहावी: रजिस्टर सेहेचाळीस म्हणतं, रॅकवर छत्तीस आहेत

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यातली निम्मीअधिक रात्रपाळीत. त्यामुळे स्टोअरकीपरवरची कथा हातात आली की माझं लक्ष आधी आकड्यांकडे जातं. ‘माल कमी भरला’ एवढंच वाक्य वाचलं की मन खट्टू होतं. काय कमी भरलं, किती, आणि का, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. मग शोधाला वाट राहत नाही आणि शेवटी कुणालातरी चोर ठरवून कथा संपवावी लागते. म्हणून इथे एक कथा पहिल्यापासून बांधून दाखवतो. त्यातले आकडे तुम्ही बदला, पण क्रम शक्यतो हाच ठेवा.

पहिली पायरी: एकच वस्तू घ्या

वस्तू अशी हवी की खिशात मावेल, बाहेर विकली जाईल आणि जिच्यासारखीच दिसणारी दुसरी वस्तू शेजारच्याच कप्प्यात असेल. मी बेअरिंग घेतो, 6205 नंबरचं. छोट्या मोटारींना हे सर्रास लागतं. वजन साधारण 130 ग्रॅम, मुठीत मावणारं. शेजारच्या कप्प्यात 6204. दोघांची खोकी लांबून एकसारखी दिसतात. नंबरचे शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: 6205 चा 25 मिलिमीटर, 6204 चा 20. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, कथेत पुढे तिचाच उपयोग आहे.

दुसरी पायरी: कारण आधी ठरवा, आणि दोन ठेवा

कथा लिहायला बसण्याआधी फरकाचा पूर्ण हिशेब आपल्या वहीत मांडून ठेवायचा. रजिस्टरमध्ये 6205 ची शिल्लक 46, रॅकवर 36. दहा कमी. शेजारी 6204 ची शिल्लक 22, रॅकवर 30. आठ जास्त.

पहिलं कारण कागदाचं. चार मोटारींच्या देखभालीसाठी आठ 6205 दिली गेली आणि त्यांची नोंद चुकून 6204 च्या पानावर पडली. त्यामुळे एका पानावर आठ जास्त राहिले, दुसऱ्यावर आठ कमी झाले. उरले दोन. ते दोन माणसाचे. एका पावसाळी रात्री कथेतल्या स्टोअरकीपरने, म्हणजे आपल्या विष्णूने, स्लिप न घेता ती दोन बेअरिंग स्वतःच्या हाताने दिली आणि नंतर तो ते विसरला.

कारण एकच ठेवलं तर ते सापडताक्षणी कथा संपते. दोन ठेवली की पहिलं सापडल्यावर विष्णूचा जीव भांड्यात पडतो आणि मग तो पुन्हा बेरीज करतो. दहातून आठ गेले तरी दोन उरतातच. माझ्या मते कथा तिथून सुरू होते. आधीचं सगळं तिथवर पोहोचण्यासाठी.

खरोखर एक पान आखा. तारीख, स्लिप नंबर, आवक, जावक, शिल्लक असे पाच रकाने, आणि दहाबारा नोंदी भरा. कथेत त्यातल्या दोनतीनच येतील, पण पान समोर असलं की विष्णूचं बोट कुठे थांबतं ते तुम्हाला दिसतं.

तिसरी पायरी: रात्रीचं कारण द्या

रात्री मोजणी कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. उत्तर सोपं आहे. दिवसा सतत माल जात-येत असतो आणि हलत्या रॅकची मोजणी जुळत नाही. म्हणून काही ठिकाणी रात्रपाळीच्या माणसाकडे रोज चारपाच वस्तू मोजायचं काम असतं. दहा ते सहाच्या पाळीत मध्यरात्रीनंतर खिडकीवर फारसं कुणी येत नाही.

रात्रीचा दुसरा धागा सहीचा. माल द्यायचा तर विभागप्रमुखाच्या सहीची स्लिप लागते आणि साहेब रात्री घरी असतात. पावसात वीज जाते-येते, मोटार बसते, लाइन थांबते. अशा वेळी फिटर खिडकीवर येतो. हा प्रसंग लांबवू नका.

“विष्णू, दोन दे रे. बासष्ट-पाच.”

“दादा, स्लिप?”

“सकाळी साहेब आले की सही घेऊन आणतो. लाइन बंद आहे बाबा.”

फिटर वयाने मोठा, कामात चोख, खोटं बोलणारा नव्हे. विष्णू देतो. मोटारीच्या दोन टोकांना दोन बेअरिंग असतात, म्हणून दोन. सकाळी फिटर झोपेने पेंगत कंपनीच्या बसमध्ये बसतो, दुसऱ्या दिवशी त्याची पाळी बदलते, आणि स्लिप येत नाही. हा प्रसंग कथेच्या सुरुवातीला ठेवू नका. तो विष्णूला आठवेल तेव्हाच वाचकाला कळू द्या.

चौथी पायरी: शोध खऱ्या क्रमाने होऊ द्या

नवखे लेखक इथेच घाई करतात. फरक दिसताच त्यांचा नायक संशयित शोधायला लागतो. अनुभवी माणूस आधी स्वतःच्या मोजणीवर संशय घेतो.

पुन्हा मोजताना विष्णू प्रत्येक खोकं उचलतो. कुणीतरी बेअरिंग काढून रिकामं खोकं परत कप्प्यात ठेवलेलं असतं, हे नेहमी घडतं. हा प्रसंग जवळून दाखवा. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की तो आकडे मोठ्याने म्हणतो तरी त्याचे त्यालाच ऐकू येत नाहीत. खोकं उचलायचं, तळहातावर जोखायचं, डावीकडे ठेवायचं. जड, जड, जड. दमट हवेने पुठ्ठा मऊ पडलेला, बोटांना तेलाचा वास. छत्तीस. पुन्हा छत्तीस.

मग तो वस्तू दुसरीकडे आहे का ते बघतो: नुकत्याच आलेल्या आणि तपासणी न झालेल्या मालाचा कोपरा, लाइनवरून परत आलेल्या मालाची टोपली. काही नाही. हे दोन ओळींत उरका.

आता आकडे. जुन्या स्टोअरकीपरांकडे दोन ताळे असतात. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. 46 च्या जागी 64 लिहिलं तर फरक 18 येतो. दहाला नऊने भाग जात नाही, म्हणजे नुसती अदलाबदल नव्हे. दुसरा ताळा निम्म्याचा. जावक चुकून आवकेच्या रकान्यात पडली तर फरक दुप्पट होतो. दहाचं निम्मं पाच, म्हणून विष्णू पाचाची नोंद शोधतो. आणि त्याला सापडते! पाच नग, आवकेच्या रकान्यात. इथे वाचकाला वाटू द्या की सुटलं. मग विष्णू त्या दिवशीचा आवकेचा कागद काढतो: पुरवठादाराकडून खरोखरच पाच आले होते. नोंद बरोबर आहे. ही चकवणारी वाट मी मुद्दाम ठेवली आहे, कारण असा पाच जवळजवळ प्रत्येक पानावर सापडतो आणि कागद न बघता त्यावर विश्वास ठेवणारा माणूस एका चुकीच्या दोन करून ठेवतो.

त्यानंतर शेजारचा कप्पा. तिथे आठ जास्त निघतात. लगेच ‘नोंद चुकली’ म्हणू नका. आठ 6205 चुकून 6204 च्या कप्प्यात पडली असली तरी मोजणी अशीच दिसेल. म्हणून विष्णू तीसही खोकी उघडतो आणि बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर बॅटरीच्या उजेडात वाचतो. तीसही 6204 च आहेत.

मग 6204 च्या पानावर ‘जावक 8, देखभाल विभाग’ ही नोंद दिसते. फिटरला चुकीचं बेअरिंग दिलं गेलं असेल का? इथे ते पंचवीस आणि वीस मिलिमीटर उपयोगी पडतात. वीसचं भोक पंचवीसच्या शाफ्टवर चढणारच नाही. फिटर तासाभरात शिव्या देत परत आला असता. परतीची नोंद नाही. म्हणजे हाताने बरोबर माल दिला, लिहिताना पान चुकलं. विष्णू स्लिपांचा गठ्ठा सोडतो. स्लिपवर स्वच्छ लिहिलेलं आहे: 6205, नग 8.

पाचवी पायरी: उरलेले दोन

इथे वेग कमी करा. चहा करून घेऊ द्या त्याला. साडेतीन वाजलेत. या आधी एखाद्या हमाल पोराचा उल्लेख केलेला असावा, दोनतीन महिन्यांपूर्वी कंत्राटावर लागलेला, स्टोअर झाडायला आत येणारा. विष्णूच्या मनात त्याचं नाव येतं. येऊ द्या. दोन नगांसाठी सकाळी पहिली विचारपूस कुणाची होणार, हे प्रत्येक स्टोअरवाल्याला माहीत असतं.

पुरावा मात्र तिसऱ्या वहीत ठेवा. देखभाल विभागाची बिघाडांची नोंदवही स्टोअरच्या ताब्यात नसते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. विष्णू शेड ओलांडून तिथे जातो आणि मागची पानं चाळतो. अकरा दिवसांपूर्वीची रात्र, दोन वाजून पन्नास मिनिटं, मोटारीची दोन्ही बेअरिंग बदलली. त्या रात्रीच्या हजेरीत स्टोअरला कोण होतं हे त्याला बघावं लागत नाही. खिडकीवरचा तो ओला हात त्याला आठवतो.

सहावी पायरी: शेवट कागदावर करा

विष्णूसमोर एक सोपी पळवाट आहे. फिटरकडून आता स्लिप करून घ्यायची, अकरा दिवसांपूर्वीची तारीख टाकायची, पोराचंही नाव येणार नाही आणि याचंही. हा मोह कथेत नीट दिसला पाहिजे, कारण त्यात कुणाचं नुकसान होताना दिसत नाही. पण त्या दिवसापासून स्लिपांचे क्रमांक पुढे गेलेले असतात. जुन्या तारखेची स्लिप नव्या क्रमांकाने येते आणि तपासणारा आधी क्रमांकच बघतो.

एक तांत्रिक चूक टाळा. स्टोअरकीपर स्वतःच्या अधिकारात शिल्लक बदलत नाही. तो फरकाचा तक्ता भरतो, कारण लिहितो, आणि प्रमुखाच्या मंजुरीनंतर रजिस्टर दुरुस्त होतं. दुरुस्तीही खोडून किंवा पांढरी शाई लावून होत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला सही आणि त्या दिवशीची तारीख.

म्हणून शेवटच्या प्रसंगात विष्णू तक्ता पुढे ओढतो. बाहेर उजाडू लागलंय, रस्त्यावर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजतोय. रजिस्टर 46, प्रत्यक्ष 36, फरक 10. कारणाच्या रकान्यात तो लिहितो: ‘आठ नग 6204 च्या पानावर चुकून नोंद, स्लिप जोडली आहे.’ पुढच्या ओळीत: ‘दोन नग रात्रपाळीत स्लिपशिवाय दिले. मी दिले.’ खाली सही, आणि आजची तारीख.

साहेब काय म्हणाले ते लिहू नका. तक्ता टेबलावर, त्यावर वारा लागू नये म्हणून ठेवलेलं एक बेअरिंग, आणि सहाच्या बसकडे निघालेला विष्णू.